पाच मीटरच्या पलीकडचा कॅमेरा

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर काय किंवा कुठल्याही ऑनलाइन दुकानात काय, १० मीटरची साधी यूएसबी एक्स्टेन्शन केबल मागितली की मिळते. तिच्या एका टोकाला प्लग असतो, दुसऱ्याला सॉकेट आणि मधे नुसती तार. गंमत अशी की २००० साली प्रसिद्ध झालेल्या यूएसबी २.० च्या मानकात ही वस्तू चक्क निषिद्ध केबलींच्या यादीत आहे. फक्त १० मीटरचीच नाही, तर एका टोकाला प्लग आणि दुसऱ्याला सॉकेट असलेली कोणतीही साधी एक्स्टेन्शन त्या यादीत येते. कारण सरळ आहे. एकदा जोडायची सोय दिली की माणूस एकाला एक जोडत जातो, आणि मानकाने घातलेली ५ मीटरची मर्यादा कधी ओलांडली गेली ते कळतही नाही.

माउस किंवा कीबोर्डच्या बाबतीत हे सहसा खपून जातं. त्यांना माहिती थोडी पाठवायची असते, तीही सावकाश. कॅमेरा आणि व्हीआर हेडसेट यांचं तसं नाही. ही दोन्ही उपकरणं तारेकडून सतत, वेळेवर आणि भरपूर माहितीची वाहतूक मागतात आणि वर वीजही त्याच तारेतून घेतात. त्यामुळे लांबीचा त्रास सगळ्यात आधी यांनाच जाणवतो.

आता ५ मीटर हा आकडा कुठून आला ते पाहू. यूएसबीमध्ये संगणक विचारतो आणि उपकरण उत्तर देतं. उपकरणाला आपणहून बोलायची मुभा नाही. विचारल्यावर संगणक उत्तरासाठी साधारण दीड मायक्रोसेकंद, म्हणजे सेकंदाचा दीड दशलक्षांश भाग, थांबतो. तेवढ्यात उत्तराची सुरुवात झाली नाही तर ते आलंच नाही असं धरून पुढे जातो. या वेळेत संदेशाचं जाणं, उपकरणाचा विचार करणं आणि उत्तराचं परत येणं सगळं बसवावं लागतं. शिवाय वाटेत जास्तीत जास्त पाच हब असू शकतात असं मानकाने गृहीत धरलं आहे. हा सगळा हिशोब करून एका केबलच्या वाट्याला २६ नॅनोसेकंद आले. तांब्याच्या अशा तारेतून संदेशाला एक मीटर जायला सुमारे ५.२ नॅनोसेकंद लागतात. भागाकार केला की बरोबर ५ मीटर येतात.

इथे चाणाक्ष वाचक विचारेल, की माझ्या वाटेत एकही हब नाही, मग पाच हबांचा उरलेला वेळ मला वापरता येणार नाही का? वेळेच्या हिशोबाने येतो. म्हणूनच ‘माझी ८ मीटरची केबल तर व्यवस्थित चालते’ असं सांगणारे लोक भेटतात आणि ते खोटं बोलत नसतात. पण वेळ शिल्लक असला तरी संदेशाचा जोर शिल्लक राहत नाही. यूएसबी २.० च्या वेगवान पद्धतीत सेकंदाला ४८ कोटी बिट धावतात, आणि ते दाखवणारा विद्युत फरक असतो फक्त ४०० मिलिव्होल्टच्या आसपास. ५ मीटरच्या केबलने यातल्या सगळ्यात वेगवान कंपनांचा जोर निम्म्यापर्यंत घटवला तरी मानकाला ते चालतं. म्हणजे ४०० चे २०० झाले. तशाच आणखी ५ मीटर तारेत २०० चे १०० होतात. आणि घेणाऱ्या बाजूची चिप १०० ते १५० मिलिव्होल्टच्या खाली गेलेल्या संदेशाला ‘तार शांत आहे’ असं समजते. त्यामुळे ८ मीटरवर काम चालणं न चालणं हे केबलच्या प्रतीवर, जोडाच्या घट्टपणावर आणि शेजारून गेलेल्या विजेच्या वायरिंगवर अवलंबून राहतं. आज चाललं म्हणून उद्या चालेलच असं नाही.

कॅमेऱ्याच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आड येते. पेनड्राइव्हवर फाइल टाकताना एखादा तुकडा खराब पोचला तर तो पुन्हा पाठवला जातो. वेग कमी होतो, पण फाइल शाबूत राहते. बहुतेक वेबकॅम चित्र पाठवताना वेगळी पद्धत वापरतात. त्यांना ठरलेल्या वेळेचा राखीव हिस्सा मिळतो, पण खराब तुकडा परत मागता येत नाही, कारण तो येईपर्यंत पुढचं चित्र आलेलं असतं. म्हणून लांब केबलवर कॅमेऱ्याचं चित्र मधूनच फाटतं, खालच्या भागात हिरवा किंवा करडा पट्टा येतो, नाहीतर बोलणाऱ्याचा चेहरा दोन-तीन सेकंद गोठतो. दुकानदार पेनड्राइव्ह लावून ‘बघा, चालते की’ म्हणतो ती चाचणी कॅमेऱ्यासाठी काहीच सिद्ध करत नाही.

मग रिपीटर काय करतो? बाजारात ‘ॲक्टिव्ह’ किंवा ‘रिपीटर’ नावाने मिळणारी यूएसबी २.० ची केबल पाहिली तर तिच्या सॉकेटच्या टोकाशी अंगठ्याएवढा फुगवटा दिसतो. त्या फुगवट्यात सहसा पूर्ण हबची चिप असते. ती आलेला क्षीण संदेश वाचते, त्यातला प्रत्येक बिट ओळखते आणि पूर्ण जोराने नव्याने पाठवते. पुसट झालेल्या कागदाची झेरॉक्स काढणं आणि तोच मजकूर वाचून स्वच्छ अक्षरात उतरवून काढणं यात जो फरक आहे तोच इथे आहे. झेरॉक्समध्ये डागही गडद होतात, उतरवलेल्या कागदावर डाग येत नाहीत. आणि चिप म्हणजे हबच असल्यामुळे नियमानुसार तिच्यापुढे नव्याने ५ मीटर मोजायला सुरुवात होते. रिपीटर केबल लांबीची मर्यादा वाढवते असं आपण बोलून जातो. खरं तर ती मर्यादा आहे तिथेच असते, केबलने फक्त तिथे एक हब बसवलेला असतो.

हे डोळ्यांनी पाहता येतं. लिनक्सवर अशी केबल लावून पुढे वेबकॅम जोडला आणि `lsusb -t` ही आज्ञा दिली तर उत्तरात साधारण अशा ओळी येतात:

```
|__ Port 2: Dev 5, If 0, Class=Hub, Driver=hub/4p, 480M
    |__ Port 1: Dev 6, If 0, Class=Video, Driver=uvcvideo, 480M
```

आपण लावली केबल, संगणकाला दिसला हब. `4p` म्हणजे त्या चिपमध्ये चार जणांची सोय आहे. बनवणाऱ्याने स्वस्तात मिळणारी चार पोर्टची चिप घेतली आणि त्यातलं एकच पोर्ट बाहेर काढलं. विंडोजवर हेच चित्र UsbTreeView नावाच्या मोफत प्रोग्रॅममध्ये दिसतं. केबल ‘ॲक्टिव्ह’ म्हणून विकली, पण यादीत नवा हब उगवलाच नाही, तर आत नेमकं काय आहे अशी शंका घ्यायला पुरेसं कारण आहे.

आता प्रत्यक्ष एक मांडणी करून पाहू. कोचिंग क्लासची खोली आहे. फळ्याशेजारच्या टेबलावर संगणक, आणि फळा पूर्ण दिसावा म्हणून कॅमेरा समोरच्या बाजूला, मुलांच्या डोक्यावर. सरळ अंतर असेल ५-६ मीटर, पण केबल सरळ जात नाही. टेबलापासून भिंतीपर्यंत १ मीटर, भिंतीवरून वर २ मीटर, छताच्या कडेने ५ मीटर आणि कॅमेऱ्यापर्यंत खाली उतरायला १ मीटर असे ९ मीटर होतात. केबल विकत घेण्याआधी सुतळी लावून वाट मोजावी असा माझा आग्रह असतो तो यासाठीच. नजरेने काढलेला अंदाज जवळजवळ नेहमी कमी निघतो.

कॅमेऱ्याची स्वतःची दीड मीटरची तार या ९ मीटरमध्ये धरायची. उरलेल्या साडेसात मीटरसाठी ५ मीटरची रिपीटर केबल आणि ३ मीटरची साधी एक्स्टेन्शन घेतली तर एकूण साडेनऊ मीटर होतात, थोडी ढिलाई उरते. पण त्यांचा क्रम महत्त्वाचा आहे. रिपीटर केबल संगणकात लावायची आणि साधी एक्स्टेन्शन तिच्या पुढे. मग चिपच्या आधी ५ मीटर आणि चिपच्या पुढे ३ अधिक १.५ असे साडेचार मीटर, दोन्ही तुकडे मर्यादेत बसतात. उलट केलं, साधी केबल आधी लावून रिपीटर नंतर जोडला, तर संगणक आणि चिप यांच्यात ८ मीटर पडतात. चिपला जे धड वाचताच आलं नाही ते ती स्वच्छ तरी काय करणार? सामान तेच, फक्त क्रम चुकला आणि चित्र फाटायला लागलं, ही तक्रार फार नेहमीची आहे. साधी एक्स्टेन्शन मानकाला मान्य नाही हे खरंच. पण तुकडा ५ मीटरच्या आत राहिला आणि केबल चांगली असली तर व्यवहारात ती निभावते.

दुसरा प्रश्न विजेचा, आणि इकडे बहुतेकांचं लक्षच जात नाही. केबलच्या वेष्टणावर बारीक अक्षरांत काहीतरी छापलेलं असतं. त्यात `28AWG/1P+24AWG/2C` असं दिसलं तर त्याचा अर्थ माहितीची एक जोडी २८ गेजची आणि विजेच्या दोन तारा २४ गेजच्या. गेजचा आकडा जितका लहान तितकी तार जाड. २८ गेजच्या तारेचा रोध मीटरमागे सुमारे ०.२१ ओहम असतो, २४ गेजचा सुमारे ०.०८४. वीज एका तारेने जाते आणि दुसरीने परत येते, त्यामुळे लांबी दुप्पट धरायची.

आपल्या क्लासमधला कॅमेरा ३०० मिलिॲम्पिअर आणि चिप १०० मिलिॲम्पिअर घेते असं धरू. पहिल्या ५ मीटरमधून दोघांचे मिळून ४०० मिलिॲम्पिअर जातात, पुढच्या ३ मीटरमधून ३००. विजेच्या तारा २४ गेजच्या असतील तर वाटेत जवळपास अर्धा व्होल्ट गळतो आणि कॅमेऱ्याच्या बाजूला साडेचार व्होल्ट पोचतात. बहुतेक कॅमेरे तेवढ्यावर चालतात. त्याच तारा २८ गेजच्या असतील तर गळती सव्वा व्होल्टवर जाते आणि कॅमेऱ्याला पावणेचार व्होल्टच मिळतात. रिपीटर इथे उपयोगाचा नाही. तो संदेश नव्याने बनवतो, वीज नव्याने बनवत नाही, उलट स्वतःसाठी थोडी घेतोच.

विजेची कमतरता आणि संदेशाची कमजोरी यांची लक्षणं वेगळी असतात. संदेश कमजोर असेल तर कॅमेरा जोडलेला राहतो, फक्त चित्र बिघडतं. वीज कमी पडत असेल तर कॅमेरा नुसता लावल्यावर दिसतो, पण चित्र सुरू करताच, किंवा फोकससाठी आतली मोटर फिरताच, बंद पडतो आणि पुन्हा जोडला जातो. विंडोजवर उपकरण काढल्याचा आणि लावल्याचा आवाज लागोपाठ येतो तो हाच. कधी कॅमेरा लागतच नाही आणि वीज अपुरी असल्याची सूचना येते. याचं कारण असं की संगणकाकडून वीज घेणाऱ्या हबने पुढच्या पोर्टला फक्त १०० मिलिॲम्पिअर द्यावेत असा यूएसबी २.० चा नियम आहे, आणि बरेचसे कॅमेरे स्वतःची मागणी ५०० मिलिॲम्पिअर सांगतात. यावर उपाय म्हणजे फुगवट्यापाशी गोल पिनचं छिद्र असलेली रिपीटर केबल घेणं. त्यात ५ व्होल्टचा ॲडॉप्टर लावता येतो, आणि मग कॅमेऱ्याला वीज लांबून नाही तर शेजारून मिळते.

व्हीआर हेडसेटकडे वळलं की चित्र बदलतं. २०१६ साली आलेल्या ऑक्युलस रिफ्ट या हेडसेटला यूएसबी ३.० लागायचं. त्याचे सेन्सर म्हणजे खोलीच्या कोपऱ्यात ठेवायचे इन्फ्रारेड कॅमेरेच होते. पूर्ण खोलीत फिरायचं तर तिसरा सेन्सर संगणकापासून लांबच्या कोपऱ्यात ठेवावा लागे, आणि त्यासाठी वेगळ्या विकल्या जाणाऱ्या सेन्सरसोबत कंपनी ५ मीटरची यूएसबी २.० ची एक्स्टेन्शन देत असे. मुद्दाम २.० ची, कारण ३.० ला इतक्या लांब नेणं फार अवघड.

यूएसबी ३.० मध्ये सेकंदाला ५ अब्ज बिट धावतात, यूएसबी २.० च्या दसपटीहून जास्त. कंपनं जितकी जलद तितकी ती तांब्यात लवकर विरतात. त्यामुळे या मानकात मीटरचा आकडा दिलेलाच नाही. संदेशाची घट अमुक इतकीच व्हावी, लांबी काय ती तुम्ही बघा, असा त्याचा पवित्रा आहे. व्यवहारात चांगल्या जाड तारेलाही ही लांबी ३ मीटरच्या आसपास संपते. दोन्ही टोकांना टाइप-सी असलेल्या केबलला ती साधारण २ मीटर, आणि १० गिगाबिट वेगाला १ मीटर.

२०१९ च्या शेवटी ऑक्युलसने क्वेस्ट हेडसेट केबलने संगणकाला जोडायची लिंक ही सोय आणली तेव्हा हाच प्रश्न समोर आला. डोक्याला हेडसेट लावून हिंडायचं तर २ मीटरची केबल पायातच येणार. कंपनीने स्वतःची केबल काढली ती ५ मीटरची, आणि तिच्यात माहिती तांब्याऐवजी ऑप्टिकल फायबरमधून जाते. प्लगच्या आतली चिप विजेचा संदेश प्रकाशात बदलते, दुसऱ्या टोकाची चिप प्रकाशाची पुन्हा वीज करते. अशा केबलीही ‘ॲक्टिव्ह’च, पण त्यांच्यात मधे हब नसतो. फायबरमध्ये संदेश इतका कमी विरतो की १०-१५ मीटरही सहज पार होतात. वीज मात्र शेजारच्या तांब्याच्या तारांतूनच जाते, म्हणजे गळतीचा वरचा हिशोब इथेही सुटत नाही.

तांब्याच्या ॲक्टिव्ह यूएसबी ३.० केबलीही मिळतात. त्यातल्या काहींत हबची चिप असते, काहींत फक्त संदेशाचा जोर वाढवणारी, जिला व्यवसायात रीड्रायव्हर म्हणतात. रीड्रायव्हर बिट ओळखत नाही, आलेलं सगळं मोठं करतो, गोंगाटासकट. एखाद-दोन मीटर वाढवायला तो ठीक आहे, एकापुढे एक तीन लावायला नाही.

यूएसबी ३.० कमी पडतंय हे ओळखणं एका अर्थी सोपं, एका अर्थी फसवं आहे. ३.० च्या केबलमध्ये २.० ची जुनी जोडी वेगळी असतेच. वेगवान जोड्यांमधून बोलणं जमलं नाही की उपकरण गुपचूप त्या जुन्या जोडीवर उतरतं. हेडसेट जोडलेला दिसतो, चित्रही येतं, फक्त ते धूसर आणि अडखळत. क्वेस्टला २०२० पासून यूएसबी २.० वरही लिंक चालवता येत असल्याने ही घसरण लक्षातच येत नाही. हेडसेटच्या संगणकावरच्या ॲपमध्ये केबलची चाचणी आहे, ती गिगाबिटमध्ये वेग दाखवते. लिनक्सवर त्याच `lsusb -t` च्या ओळीत शेवटी `5000M` ऐवजी `480M` आलं तर केबल हरली असं समजावं. वेग पूर्ण मिळत असूनही हेडसेटची बॅटरी खेळता खेळता उतरत असेल तर तो केबलचा दोष नाही. यूएसबी ३.० चं साधं पोर्ट ९०० मिलिॲम्पिअर, म्हणजे साडेचार वॅट देतं, आणि हेडसेट त्याहून जास्त खातो.

फायबरची केबल घेताना दोन गोष्टी पाहून घ्या. तिच्या प्लगवर कोणतं टोक संगणकाचं ते लिहिलेलं असतं. उलटी लावली तर ती चालत नाही आणि माणूस ती खराब समजून परत करतो. आणि काही फायबर केबलींमध्ये यूएसबी २.० ची जोडी घातलेलीच नसते. अशा केबलवर हेडसेट चालेल, पण साधा वेबकॅम लावला तर तो दिसणारही नाही. खोक्यावर ‘यूएसबी २.० ला चालते’ असं स्पष्ट लिहिलं नसेल तर दुकानात आपला कॅमेरा लावूनच पैसे द्यावेत.

वेबकॅमच्या रिपीटर केबली एकापुढे एक जोडून किती लांब जाता येतं, हाही प्रश्न येतो. नियमाने पाच हब आणि सहा तुकडे, म्हणजे ३० मीटर. पण लॅपटॉपचा डॉक, डेस्कटॉपच्या पुढच्या बाजूचं पोर्ट किंवा मॉनिटरमधलं पोर्ट यांच्या पोटातही अनेकदा हब असतो आणि तो या पाचात मोजला जातो. शक्यतो संगणकाच्या मागच्या, थेट मदरबोर्डवरच्या पोर्टातच सुरुवात करावी. तरीही तीनपेक्षा जास्त रिपीटर लागणार असतील तर मी यूएसबीचा नाद सोडायला सांगेन. सभागृहात १५-२० मीटर लांब कॅमेरा लावायचा असेल तर लॅन केबलवरून चालणारा नेटवर्क कॅमेरा घ्या. त्या केबलला १०० मीटरपर्यंत मुभा आहे, आणि योग्य स्विच असेल तर कॅमेऱ्याची वीजही तिच्यातूनच जाते.